जपानी खरेदीदार : भेटीची रीत आणि निर्णयाचा वेग

साशंक : परदेशी खरेदीदाराला माल विकताना शिष्टाचाराला जे महत्त्व दिले जाते ते गरजेपेक्षा जास्त आहे. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून पंपाची कास्टिंग जपानला जातात ती भाव, दर्जा आणि वेळेवर डिलिव्हरी या तीन गोष्टींच्या बळावर. व्हिजिटिंग कार्ड एका हाताने दिले की दोन हातांनी, यावर कोणी वर्षाची ऑर्डर फिरवत नाही. समोरचा माणूस भारतातून आला आहे हे जपानी खरेदीदाराला दिसतेच, आणि त्याच्याकडून जपानी रीतीची अपेक्षा तो ठेवत नाही. तरीही या विषयावरचे मार्गदर्शन सुरू होते ते वाकण्याच्या कोनांपासून : साध्या अभिवादनाला पंधरा अंश, आदर दाखवताना तीस, क्षमा मागताना पंचेचाळीस. कास्टिंगमधली ब्लो होल कमी कशी करायची हे ज्याला जमते त्याला ऑर्डर मिळेल, आणि ज्याला जमत नाही त्याची ऑर्डर कुठलाही कोन वाचवू शकणार नाही.

आग्रही : कोनांबद्दलची तक्रार रास्त आहे. परदेशी माणसाने मान किंचित झुकवली किंवा सरळ हस्तांदोलन केले तरी कोणाला खटकत नाही. कार्डाची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण ती देवाणघेवाण बैठकीचे एक काम उरकते. विक्रेत्याने उभे राहून, दोन्ही हातांनी, अक्षरे समोरच्याकडे वळवून आपले कार्ड आधी द्यायचे असते. सुरुवात दोन्हीकडच्या वरिष्ठांपासून होते आणि क्रमाने खाली येते. मिळालेले कार्ड वाचायचे आणि बसल्यावर आपल्यापुढे टेबलावर, माणसे ज्या क्रमाने बसली आहेत त्याच क्रमाने मांडून ठेवायचे. त्यावर पेनाने काही लिहायचे नाही आणि ते पॅन्टच्या मागच्या खिशात घालायचे नाही. आता समोर पाच माणसे असतील, तर या मांडलेल्या कार्डांकडे पाहताच त्यातला खरेदी विभागाचा कोण, गुणवत्तेचा कोण, डिझाइनचा कोण आणि प्रत्येकाचा हुद्दा काय, हे टेबलावरच दिसते. बसण्याच्या जागाही हेच सांगतात. पाहुण्यांना दारापासून दूरची बाजू दिली जाते, म्हणून जागा दाखवली जाईपर्यंत थांबायचे असते. यजमानांच्या बाजूचा सगळ्यात वरिष्ठ माणूस बहुधा सगळ्यात कमी बोलतो. उत्तम इंग्रजी बोलणारा एखादा तरुण सगळे प्रश्न विचारतो आणि भारतीय विक्रेता तासभर त्याच्याकडेच बघून बोलत राहतो. ज्याने कार्डे नीट वाचलेली असतात त्याला कळते की प्रश्न तरुणाचा असला तरी उत्तर गुणवत्ता विभागाच्या माणसापर्यंत पोहोचायला हवे.

साशंक : म्हणजे कार्डाचा खरा उपयोग माहिती मिळवण्यासाठी आहे, आणि तीच माहिती ईमेलखालच्या सहीतूनही मिळते. यापेक्षा गंभीर आक्षेप संपूर्ण देशाचा एक स्वभाव ठरवण्याला आहे. जपानी माणूस अप्रत्यक्ष बोलतो, जर्मन तोंडावर बोलतो, अमेरिकन घाईत असतो, आखाती व्यापारी आधी कॉफी पाजतो, अशी वर्गवारी शिकून विक्रेता बैठकीला गेला, तर त्याला समोरचा माणूस दिसतच नाही. या वर्गवारीच्या पायाशी असलेला अभ्यासही तपासून घ्यायला हवा. खेर्ट हॉफस्टेड यांचे 1980चे गाजलेले पुस्तक आयबीएम या एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या पाहणीवर उभे होते. एका कंपनीच्या नोकरांवरून देशाची संस्कृती मोजता येते का, असा रोकडा सवाल ब्रेंडन मॅक्स्वीनी यांनी 2002 साली केला, आणि त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर मिळाले असे म्हणता येत नाही. अमेरिकेत शिकून आलेला पस्तीस वर्षांचा जपानी खरेदी अधिकारी आणि ओसाकाच्या उपनगरात तीस वर्षे एकाच कारखान्यात काढलेला विभागप्रमुख, दोघांना एकच नियम लावणे चूक आहे.

आग्रही : स्वभावाबद्दलचा आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. माणसे वेगवेगळी असतात, पण ती ज्या कंपनीत बसतात तिथल्या कामाची पद्धत त्यांच्या स्वभावावर ठरत नाही. एडवर्ड हॉल यांनी 1976 मध्ये काही समाजांत बराच अर्थ शब्दांबाहेर, संदर्भात राहतो अशी मांडणी केली. ती विक्रेत्याला थोडी उपयोगी आहे. त्याहून कितीतरी अधिक उपयोगी आहे रिंगी ही पद्धत. मोठ्या आणि मध्यम जपानी कंपन्यांत नवा पुरवठादार घेण्याचा प्रस्ताव खालून वर जातो. प्रत्यक्ष काम पाहणारा खरेदी अधिकारी तो लिहितो. मग तो डिझाइन, गुणवत्ता, उत्पादन आणि वाहतूक या संबंधित विभागांतून फिरतो, प्रत्येक जण आपला शिक्का उमटवतो आणि शेवटी कागद विभागप्रमुखाकडे किंवा त्याच्याही वर पोहोचतो. मराठी वाचकाला यात मंत्रालयातल्या फाइलची आठवण येईल, कारण तिथेही खालच्या टेबलावर टिपणी लिहिली जाते आणि सह्या वर चढत जातात. पण एक मोठा फरक आहे. रिंगीचा कागद निघण्याआधीच ज्यांचे शिक्के लागणार आहेत त्यांच्याशी एकेकट्याने बोलून त्यांच्या शंका मिटवल्या जातात. या पूर्वतयारीला नेमावाशी म्हणतात. त्यामुळे कागद फिरायला लागतो तेव्हा बराचसा वाद संपलेला असतो. शिक्क्यांची जागा आता अनेक ठिकाणी संगणकाने घेतली आहे. 2020 मध्ये तिथले प्रशासकीय सुधारणा मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कामातले शिक्के हटवण्याची मोहीमच चालवली. शिक्का गेला तरी फिरणे गेलेले नाही. अमेरिकेत शिकलेला तो तरुण अधिकारीही प्रस्ताव याच वाटेने पाठवतो.

साशंक : पद्धत तशी असेल, तर विक्रेत्याने शिष्टाचार म्हणून नेमके काय करायचे? फाइल आत फिरते आहे आणि तो बाहेर आहे. वाट पाहणे एवढेच त्याच्या हातात उरते, आणि वाट पाहण्याला शिष्टाचार म्हणणे हे दुबळेपणाला सुंदर नाव देणे आहे.

आग्रही : एक व्यवहार पायरीपायरीने पाहिला तर विक्रेत्याच्या हातात काय असते ते स्पष्ट होईल. समजा, कोल्हापूरच्या एका फाउंड्रीला सहा किलो वजनाचे, मशिनिंग केलेले पंपाचे बॉडी कास्टिंग विकायचे आहे. नगाचा भाव 900 रुपये, वर्षाला 12,000 नगांची शक्यता, म्हणजे महिन्याला सहा टन माल. जूनमध्ये टोकियोच्या प्रदर्शनात ओळख झाली. त्याच संध्याकाळी आभाराचा छोटा ईमेल जायला हवा, आणि त्यात स्टॉलवर विचारलेल्या एखाद्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर हवे. जुलैमध्ये ऑनलाइन बैठक ठरते. जपानची वेळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे, म्हणजे त्यांच्या दुपारी दोनला इथे साडेदहा वाजलेले असतात. ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी जोडलेले असणे अपेक्षित आहे. दुभाषी असेल तर तासाच्या बैठकीत प्रत्यक्ष अर्ध्या तासाचेच बोलणे होते, म्हणून मुद्दे आणि आकडे दोन दिवस आधी लेखी पाठवावे लागतात. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कारखान्याला दुभाषी शोधायला लांब जावे लागत नाही. पण बोलताना बघायचे ते खरेदीदाराकडे, दुभाष्याकडे नाही.

बैठक संपते आणि चाळीसेक प्रश्नांची यादी येते. वाळूची आर्द्रता किती वेळाने तपासता, वितळलेल्या लोखंडाच्या रासायनिक तपासणीची नोंद किती वर्षे ठेवता, मागच्या वर्षी परत आलेल्या मालाची कारणे काय. भारतीय विक्रेत्याला ही चौकशी अविश्वासाची वाटते. वास्तविक प्रत्येक प्रश्न कोणत्या तरी विभागाचा असतो आणि त्याचे उत्तर नेमावाशीत वापरले जाणार असते. म्हणून चाळीस प्रश्नांची चाळीस उत्तरे द्यायची, ज्याला उत्तर नाही तिथे ते केव्हा मिळेल ती तारीख द्यायची. सोबत एक पान असे हवे की जे त्या खरेदी अधिकाऱ्याला आपल्या प्रस्तावाला जसेच्या तसे जोडता येईल : प्रक्रियेचा क्रम, तपासणीचे टप्पे, फोटो, क्षमता, न्हावा-शेवाहून योकोहामापर्यंत लागणारे साधारण तीन-चार आठवडे आणि समुद्री हवेत गंज चढू नये म्हणून केलेले पॅकिंग. बाहेर बसलेल्या विक्रेत्याचे आतले एकमेव हत्यार म्हणजे हे पान. हा खालचा अधिकारी त्याचा वकील असतो. ज्याने त्याला ओलांडून थेट विभागप्रमुखाला ईमेल टाकला, त्याने आपल्याच वकिलाला त्याच्या साहेबापुढे तोंडघशी पाडले असे होते. पहिल्या बैठकीतल्या कुठल्याही चुकीपेक्षा ही चूक महाग पडते.

साशंक : यातला कष्टाचा भाग समजण्यासारखा आहे. पण याच बैठकांत भारतीय विक्रेते हकनाक पैसे गमावतात, आणि ते गमावतात शिष्टाचार पाळण्याच्या नादात. भाव सांगितला, समोरचे पाच जण गप्प. कोणी कागदाकडे बघतो, कोणी डोळे मिटतो. आपल्याकडे पाहुण्यासमोर गप्प बसणे अवघड वाटते, म्हणून विक्रेता स्वतःच बोलून जातो : पाच टक्के कमी करता येतील. वर दिलेल्या उदाहरणात 900 रुपयांचे पाच टक्के म्हणजे 45 रुपये, बारा हजार नगांवर वर्षाला 5 लाख 40 हजार. एकाही माणसाने भाव कमी करा म्हटलेले नसताना.

आग्रही : या उदाहरणातच रीत समजून घेण्याची खरी किंमत दिसते. ती शांतता बहुतेक वेळा नकाराची नसते. आकडा ऐकल्यावर तो मनात तपासला जात असतो, आणि वरिष्ठ बोलण्याआधी कनिष्ठ बोलत नाहीत. विक्रेत्याने तेवढा वेळ शांत बसायचे, आणि फार लांबले तर एवढेच विचारायचे की भावाचा कोणता भाग सविस्तर सांगू. नुकसान फक्त 5 लाख 40 हजारांचे होत नाही. न मागता भाव उतरला की पहिला भाव फुगवलेला होता असा अर्थ निघतो, आणि गुणवत्तेच्या माणसाला वाटते की हे पाच टक्के आता कुठल्या तपासणीतून वाचवले जाणार. तसेच मान डोलावण्याचे. जपानी माणूस ऐकताना मधूनमधून हुंकार देतो आणि मान हलवतो. ऐकतो आहे, पुढे बोला, एवढाच त्याचा अर्थ. भारतीय विक्रेता त्याला संमती समजतो आणि परत येऊन मालकाला सांगतो की काम झाले.

पण याच्या उलट बाजूला जे घडते ते जास्त गंभीर आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. भारतीय विक्रेत्याला समोरच्याला नाही म्हणणे उद्धट वाटते. नमुने सहा आठवड्यांत मिळतील का असे विचारले की तो होईल म्हणतो, आणि पॅटर्न, कोअर बॉक्स, ओतकाम, फेटलिंग, मशिनिंग, तपासणी असा हिशेब केला तर त्याला स्वतःलाच ठाऊक असते की नऊ आठवडे लागणार. त्याच्या मनात हे होईल म्हणजे सदिच्छा असते, प्रयत्नाचे आश्वासन असते. समोर मात्र ती तारीख म्हणून नोंदली जाते, प्रस्तावात लिहिली जाते, आणि खरेदी अधिकारी आपल्या डिझाइन विभागाला तिच्यावर भरवसा ठेवायला सांगतो. सहाव्या आठवड्यात नमुने आले नाहीत की तो स्वतःच्या माणसांत खोटा पडतो. पहिल्या दिवशी कारणे देऊन नऊ आठवडे सांगितले असते तर कदाचित कुरबुर झाली असती, पण व्यवहार टिकला असता. दोन्ही हातांनी दिलेले कार्ड आणि चुकलेली तारीख यांत जपानी कारखान्यात लक्षात राहते ती तारीख. उशीर होणारच असेल तर तो तारखेच्या आधी, कारणासह आणि नव्या तारखेसह कळवणे हीच तिथली खरी अदब आहे. साचा, यंत्र, कच्चा माल किंवा कामगार बदलला तरी ते आधी कळवायचे असते, माल सुधारला असेल तरीसुद्धा.

साशंक : इथपर्यंत दोन्ही बाजू एकत्र येतात असे दिसते. ज्याला तुम्ही शिष्टाचार म्हणता तो बराचसा शिस्तबद्ध धंदाच आहे. प्रश्न उरतो वेळेचा. जूनमध्ये ओळख, जुलैमध्ये बैठक, प्रश्नांची देवाणघेवाण, मध्ये ऑगस्टमधली ओबोनची सुट्टी, मग कारखान्याची पाहणी, डिसेंबर अखेरीपासून नव्या वर्षाची सुट्टी, त्यानंतर नमुने. त्यांचे आर्थिक वर्ष भारतासारखेच एप्रिल ते मार्च, आणि एप्रिलमध्ये तिथे बदल्या होतात. ज्याने प्रस्ताव लिहिला तो दुसऱ्या विभागात गेला, आणि नव्याला सगळे पहिल्यापासून सांगायचे. पाठोपाठ एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातला गोल्डन वीक. पहिली नियमित ऑर्डर दीड वर्षाने येते. तेवढ्या काळात अमेरिकन खरेदीदार पहिल्याच कॉलवर पहिल्या नावाने हाक मारतो, सहा आठवड्यांत चाचणी ऑर्डर देतो आणि पैसेही देतो. लहान कारखान्याने कुणाच्या मागे लागावे?

आग्रही : व्याजाचा हिशेब तसा भीतिदायक नाही. पॅटर्न, कोअर बॉक्स, नमुन्यांची विमानवाहतूक आणि दोन फेऱ्या मिळून दहा लाख गुंतले असे धरू. अकरा टक्क्यांनी दीड वर्षाचे व्याज 1 लाख 65 हजार होते. शांततेत स्वतःहून दिलेल्या पाच टक्क्यांच्या वर्षभराच्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही ते कमी. अमेरिकन वेगाचीही दुसरी बाजू आहे. तिथे निर्णय लवकर होतो कारण तो एका व्यवस्थापकाच्या हातात असतो, आणि तो व्यवस्थापक नोकरी सोडून गेला किंवा स्वस्त भाव मिळाला की तितक्याच लवकर बदलतोही. जर्मन कंपनीत तांत्रिक तपासणीला वेळ लागतो, पण चुका तोंडावर सांगितल्या जातात, त्यामुळे आपण कुठे उभे आहोत ते कळते. कोल्हापूरकराला ती भाषा पहिल्यांदा लागते, पण तिच्यावर काम करणे सोपे असते. आखातात निर्णय बऱ्याचदा मालकाच्याच हातात असतो, आणि माणूस पसंत पडेपर्यंत आकड्यांची गोष्टच निघत नाही. जपानी पद्धतीत निर्णयाला उशीर होतो, पण सगळ्या विभागांची तयारी आधीच झालेली असल्यामुळे त्यानंतर अंमलबजावणी वेगाने होते. निर्णयानंतर विक्रेत्याकडूनही तोच वेग अपेक्षित असतो, आणि दीड वर्ष थांबून सैल पडलेला कारखाना नेमका तिथे अडखळतो.

साशंक : व्याज हा खर्चाचा लहान भाग आहे. मोठा भाग मालकाच्या लक्षाचा आणि राखून ठेवलेल्या यंत्राच्या वेळेचा. शिवाय अनेक जपानी कंपन्यांत खरेदीच्या प्रस्तावाला दोन-तीन पुरवठादारांचे भाव जोडण्याची पद्धत आहे. म्हणजे कोल्हापूरचा भाव मागवला जातो तो कधीकधी जुन्या पुरवठादाराचा भाव खाली आणण्यासाठी. चाळीस प्रश्न, खर्चाचा तपशील, फुकटचे नमुने, आणि शेवटी अतिशय नम्र पत्र : सध्या परिस्थिती अवघड आहे, पुढे संधी आली तर जरूर कळवू. ज्याला नकारही इतका हळुवार दिला जातो, त्याने जिवंत व्यवहार आणि मेलेला व्यवहार यांत फरक कसा करायचा? थांबण्याची रीत शिकवणाऱ्यांनी सोडून द्यायची वेळही सांगायला हवी.

आग्रही : खुणा असतात, त्या पत्रांच्या नम्रतेत नसतात. जिवंत व्यवहारात प्रश्न बारीक होत जातात. आधी क्षमता विचारली जाते, मग एखाद्या भोकाच्या मापाची सहनमर्यादा, मग ते माप मोजायला कोणते उपकरण वापरता. ईमेलमध्ये नवी माणसे येतात, विशेषतः गुणवत्ता आणि डिझाइनची. गोपनीयतेच्या करारावर सही मागितली जाते, अंतिम ड्रॉइंग पाठवले जाते, कारखाना बघायला यायची तारीख मागितली जाते. यातली प्रत्येक गोष्ट खरेदीदारालाही वेळ आणि पैसा खर्च करायला लावते, म्हणून ती विश्वासार्ह आहे. मेलेल्या व्यवहारात उत्तरे वेळेवर आणि गोड येतात, पण उलट प्रश्न येत नाही. भावाच्या तपशिलाबद्दल खोलात विचारले जाते आणि प्रक्रियेबद्दल काहीच नाही, तर तो भाव तुलनेसाठी घेतला जात आहे असे समजायला हरकत नाही. अशा वेळी दटावणारे पत्र किंवा शुक्रवारपर्यंतच हा भाव अशी मुदत कामाची नाही. साधा प्रश्न पुरतो : आपल्या आतल्या विचारविनिमयासाठी आमच्याकडून आणखी कोणती माहिती हवी आहे? व्यवहार जिवंत असेल तर एक-दोन गोष्टी मागितल्या जातात. नसेल तर आभार येतात. त्यानंतर वर्षातून दोनदा, एखादे नवे यंत्र किंवा नवी तपासणी सुरू झाल्याची खबर देणारे पत्र पुरेसे असते. एप्रिलमध्ये बदलून आलेला नवा अधिकारी अशी जुनी पत्रे वाचतो.

साशंक : तरीही या सगळ्यात जुळवून घेणारा एकच आहे. खरेदीदाराने भारतीय दिवाळीचा विचार करावा, भारतीय माणसाला नाही म्हणणे जड जाते हे समजून प्रश्न निराळ्या तऱ्हेने विचारावा, अशी अपेक्षा कोणी करत नाही. ज्याच्या हातात ऑर्डर आहे त्याची पद्धत संस्कृती ठरते, आणि ज्याला ती हवी आहे त्याची पद्धत दोष ठरते.

आग्रही : हे असमान आहे, आणि ते नाकारून उपयोग नाही. भारतात वर्षानुवर्षे काम केलेले काही जपानी खरेदी अधिकारी मात्र नेमके हेच शिकून घेतात. ते होईल का असे विचारतच नाहीत. कोणत्या दिवशी पॅटर्न तयार होईल, कोणत्या दिवशी पहिले ओतकाम, असे टप्पे विचारतात, म्हणजे समोरच्याला नाही न म्हणता खरी तारीख सांगता येते. विक्रेत्यालाही ही वाट आपल्या बाजूने उघडता येते. तारीख विचारली की त्याने एक तारीख न देता टप्प्यांचे कोष्टक द्यावे. त्यात दिवाळीचा आठवडा आणि पावसाळ्यातली कोल्हापूरची वाहतूक आधीच धरलेली असावी. असे कोष्टक प्रस्तावाला जोडले गेले की खरेदीदाराला या बाजूच्या वेळेशी जुळवून घ्यावे लागते, आणि त्यासाठी कोणाला सांगावेही लागत नाही.

साशंक : कोष्टक तारखेचा प्रश्न सोडवते, पैशाचा नाही. नमुन्यांआधी पॅटर्न आणि कोअर बॉक्सचा खर्च कोणी करायचा, हे बोलण्याची जागा या संथ क्रमात कुठे आहे? पहिल्या बैठकीत ते काढले तर विक्रेत्याला विश्वास नाही असे वाटते. नमुने दिल्यावर काढले तर पैसे आधीच गेलेले असतात.

आग्रही : त्याची जागा प्रश्नांच्या यादीनंतर आणि ड्रॉइंग अंतिम होण्याआधी आहे, कारण तेव्हा आत चर्चा सुरू झालेली असते आणि खर्चाचा मुद्दा प्रस्तावात बसू शकतो. विक्रेत्याने भावासोबत पॅटर्नची रक्कम वेगळी दाखवावी आणि ती एकरकमी घ्यायची की नगाच्या भावात ठरावीक संख्येपर्यंत पसरवायची, असे दोन पर्याय लिहावेत. काही खरेदीदार पहिला पर्याय घेतात, काही दुसरा, आणि काही उत्तरच देत नाहीत. तिसऱ्या प्रकारच्या खरेदीदारासाठी स्वतःच्या पैशाने पॅटर्न बनवायचा की नाही, यावर कोल्हापुरातल्याच दोन फाउंड्री मालकांची मते वेगळी असतील. एकाच्या कॅश क्रेडिट खात्यात जागा असते, दुसऱ्याच्या नसते.

साशंक : आणि ज्याच्या खात्यात जागा नसते, त्याला ही सगळी रीत तोंडपाठ असली तरी तो नमुन्याच्या पायरीवर थांबतो. तिथून पुढे खरेदीदाराने पॅटर्नचे पैसे देईपर्यंत त्याने अमेरिकेची ऑर्डर ओतत राहावे, एवढेच आज तरी सांगता येते.